नव्वद ग्रॅमचा हिशेब

"सर, मी महापे एमआयडीसीत क्यूसी केमिस्ट आहे. आमच्या प्लांटला ओपीसीडब्ल्यूच्या इन्स्पेक्शनची नोटीस आलीय, पाच दिवसांत परदेशी इन्स्पेक्टर येणार म्हणतात. एका दिवसात ते काय बघणार? ज्याला विषारी वायू किंवा अणुबॉम्ब बनवायचाच आहे, तो काय त्यांना बोलावून दाखवणार आहे? मग या करारांनी आणि तपासण्यांनी अडवलं तरी कुणाला?"

रासायनिक शस्त्रबंदी करारावर नजर ठेवणाऱ्या ओपीसीडब्ल्यूचे हे इन्स्पेक्टर तुमच्याकडे शस्त्र शोधायला येत नाहीयेत. तुमच्या कंपनीने जे लिहून दिलंय ते खरं आहे का, एवढंच बघायला येतात. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण खोटं बोलणारा नेमका याच किरकोळ जागी अडकतो. एक आकडा खोटा लिहिला की त्याला जुळवून घेण्यासाठी आणखी दहा आकडे खोटे लिहावे लागतात, आणि त्यातले काही आकडे माणसाच्या हातात नसतात. ते भांड्याच्या तळाशी, वायू धुणाऱ्या स्क्रबरच्या पाण्यात, कोपऱ्यातल्या धुळीत लिहिलेले असतात.

मी ठाणे-बेलापूर रोडवरच्या केमिकल कंपन्यांत २९ वर्षं काढली. आधी प्रोडक्शनला शिफ्टमध्ये, नंतर कंप्लायन्सला. रासायनिक शस्त्रबंदी कराराखालचं वार्षिक डिक्लरेशन भरायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. दोन कंपन्या मिळून तीन इन्स्पेक्शन्स मी पाहिली. त्यामुळे आधी तुमच्या प्लांटबद्दल सांगतो, मग अणुबॉम्बच्या गोष्टीकडे येतो. दोन्हीकडे युक्ती एकच आहे.

तुमच्या नोटिशीतले 'पाच दिवस' बरंच काही सांगून जातात. हा करार २९ एप्रिल १९९७ ला लागू झाला. त्यात रसायनांच्या तीन याद्या आहेत. पहिलीत प्रत्यक्ष शस्त्रं आणि त्यांच्या अगदी एक पायरी अलीकडची रसायनं, दुसरीत ज्यांचा उद्योगातही थोडाफार वापर होतो अशी धोक्याची रसायनं, आणि तिसरीत फॉस्जीन, फॉस्फरस ट्रायक्लोराइड यांच्यासारखी, जी कीटकनाशकांपासून प्लॅस्टिकपर्यंत सगळ्यांना टनावारी लागतात. दुसऱ्या यादीतलं काही असतं तर ४८ तासांची नोटीस आणि ९६ तासांपर्यंतची तपासणी आली असती. १२० तासांची नोटीस आणि २४ तासांची तपासणी म्हणजे तुम्ही एक तर तिसऱ्या यादीत आहात किंवा चौथ्या गटात.

हा चौथा गट लोकांना सगळ्यात कोड्यात टाकतो, कारण त्यात यादीतलं एकही रसायन नसतं. तुम्ही एखादं साधं सेंद्रिय रसायन बनवता, पण त्यात फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन आहे आणि वर्षाला ३० टनांच्या वर बनतं, तर तुम्हाला डिक्लरेशन द्यावं लागतं. २०० टनांच्या वर गेलात तर इन्स्पेक्टर येऊ शकतात. आमचे एक डायरेक्टर दर वेळी वैतागायचे की आपण औषध बनवताना मधल्या टप्प्यावर लागणारं रसायन, इंटरमीजिएट, बनवतो, आपल्याकडे हे कशाला येतात. उत्तर तुमच्या प्लांटमध्येच उभं आहे. ग्लास-लाइन्ड रिऍक्टर, गंजाला दाद न देणारं कंडेन्सर, कॉस्टिकचा स्क्रबर, दुहेरी सीलचे पंप. ही भांडी तुमचं इंटरमीजिएट बनवतात आणि उद्या कुणी ठरवलं तर दुसरंही काही बनवू शकतात. रसायन बदलता येतं, भांडं तेच राहतं, म्हणून नजर भांड्यावर ठेवायची.

आता तो एक दिवस कसा जातो ते सांगतो. टीमबरोबर दिल्लीहून नॅशनल अथॉरिटीची माणसं येतात, कारण २००० च्या आपल्या कायद्याप्रमाणे परदेशी पाहुण्यांना प्लांटमध्ये नेण्याची जबाबदारी सरकारची असते. सकाळी तुम्ही प्लांटची माहिती देता, नकाशा दाखवता, सेफ्टीचं सांगता. मग प्लांटमध्ये फेरी आणि मग कागद. दिवसाअखेर निष्कर्ष लेखी मांडतात आणि दोन्ही बाजू सही करतात. तुमचं प्रोसेस सिक्रेट काही उघडं पडत नाही, ज्या भागाचा संबंध नाही तो झाकून ठेवायची सोय करारातच आहे. दुसऱ्या यादीच्या प्लांटमध्ये ते रसायनं ओळखणारं स्वतःचं जीसी-एमएस यंत्र घेऊन नमुने तपासतात तेव्हाही ते 'आंधळं' करून चालवता येतं. यादीतलं रसायन सापडलं की नाही, तेवढंच यंत्र बोलतं, तुमच्या मालाचे बाकीचे पीक्स दाखवत नाही.

माझ्या दुसऱ्या इन्स्पेक्शनची गोष्ट अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. टीममधल्या एक बाई, वयाने पन्नाशीच्या, स्वतः प्लांटवर काम केलेल्या असाव्यात, कारण चालताना त्यांचा हात आपोआप रेलिंगला जायचा. फेरीत त्या फारसं काही बोलल्या नाहीत. दुपारी मीटिंग रूममध्ये त्यांनी तीन गोष्टी मागितल्या: वर्षभराचं बॅच रजिस्टर, डिस्पॅचची चलनं आणि ३१ डिसेंबरचा गोडाऊनमधला साठा. तासभर पेन्सिलने बेरजा केल्या आणि मग शांतपणे विचारलं, "तुम्ही बनवलं म्हणता त्यातले ११ टन मला कुठे दिसत नाहीत. विकले नाहीत, गोडाऊनमध्ये नाहीत. कुठे गेले?"

मला घाम फुटला. काही लपवलेलं नव्हतं, पण उत्तर माहीत नव्हतं, आणि त्या क्षणी या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. संध्याकाळी साडेसहाला उत्तर सापडलं ते एका शिफ्ट ऑपरेटरच्या लॉगबुकात. पावसाळ्यात काही बॅचेसची शुद्धता कमी आली होती, त्या परत रिऍक्टरमध्ये घालून पुन्हा काढल्या होत्या. बॅच रजिस्टरमध्ये त्या दोनदा चढल्या, एकदा फेल झालेल्या म्हणून आणि एकदा पास झालेल्या म्हणून, आणि मी दोन्ही बेरजेत धरल्या. लॉगबुकात निळ्या शाईत 'रीवर्क' असं लिहिलेलं होतं, तारखेसह. त्या तारखांना स्टीमचा वापर आणि सॉल्व्हंटचा खपही तेवढाच जास्त होता. बाईंनी तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, मान हलवली आणि निष्कर्षात दुरुस्तीची नोंद केली.

त्या संध्याकाळी मला कळलं की त्यांनी माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवलाच नव्हता, आणि ठेवायची गरजही नव्हती. ऑपरेटरच्या लॉगबुकाला, स्टीमच्या मीटरला आणि सॉल्व्हंटच्या बिलाला एकमेकांची खबर नव्हती, तरी तिघं एकच गोष्ट सांगत होते. यालाच आपल्या धंद्यात मटेरियल बॅलन्स म्हणतात. आत जेवढं गेलं तेवढं कोणत्या ना कोणत्या रूपात बाहेर आलंच पाहिजे.

आता हाच प्रश्न, "कुठे गेले?", अणूच्या बाबतीत एकदा विचारला गेला तेव्हा काय झालं ते बघा. तुमच्या 'लपवणारा दाखवेल कशाला' या शंकेचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

अण्वस्त्र प्रसारबंदी करार १९७० मध्ये लागू झाला. आपण त्यात नाही, पण व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे इन्स्पेक्टर आपल्याकडेही येतात, तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांवर तर १९७० च्या दशकापासून त्यांची देखरेख आहे. सुरुवातीची वीस वर्षं ही तपासणी निव्वळ हिशेबाची होती. देशाने जे जाहीर केलं ते मोजायचं, कुलुपांवर सील लावायची, कॅमेरे बसवायचे. जाहीर न केलेल्या इमारतीकडे बघायचा प्रश्नच नव्हता. इराकमध्ये बगदादजवळच्या तुवैथाला हे इन्स्पेक्टर नियमित जायचे आणि सगळं ठीक असल्याचं लिहून यायचे. १९९१ च्या युद्धानंतर कळलं की त्याच आवारातल्या बाकीच्या इमारतींत गुपचूप दुसरंच काम चाललं होतं. त्या धक्क्यानंतर संस्थेने ठरवलं की फक्त मोजून भागणार नाही, पुसूनही बघायचं.

पुसणं म्हणजे अक्षरशः पुसणं. तळहाताएवढा स्वच्छ सुती कपडा घ्यायचा, ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे बाहेरून हातमोज्यांत हात घालून काम करायच्या बंद पेटीच्या, आतून, टेबलाच्या कडेवरून, दाराच्या मुठीवरून फिरवायचा, पिशवीत बंद करायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे त्यातला एकेक सूक्ष्म कण वेगळा काढून तपासता येतो.

उत्तर कोरिया १९८५ मध्येच करारात आला होता, पण तपासणीचा करार त्याने प्रत्यक्षात आणला एप्रिल १९९२ मध्ये. मे महिन्यात त्याने आपलं डिक्लरेशन दिलं. त्यात लिहिलं होतं की योंगब्योनच्या छोट्या अणुभट्टीतल्या काही खराब झालेल्या इंधनकांड्या काढून आम्ही मार्च १९९० मध्ये, एकदाच, प्रयोग म्हणून त्यातून प्लुटोनियम वेगळं केलं. किती? सुमारे ९० ग्रॅम. बॉम्बला लागणाऱ्या प्लुटोनियमचा तपासणीतला ठोकताळा ८ किलोचा आहे. त्यासमोर ९० ग्रॅम म्हणजे काहीच नाही. त्यांनी ते प्लुटोनियम काढून दाखवलंही. त्या कामातला कचराही दाखवला. इन्स्पेक्टरांनी दोन्हीचे नमुने घेतले आणि जिथे हे काम झालं तिथले ग्लोव्ह बॉक्स पुसून घेतले.

इथे थोडं रसायनशास्त्र लागतं, पण तुम्ही क्यूसीचे आहात, पटकन कळेल. प्लुटोनियमचे अनेक समस्थानिक असतात, म्हणजे एकाच मूलद्रव्याची वेगवेगळ्या वजनाची रूपं. त्यातलं प्लुटोनियम-२४१ आपोआप अमेरिशियम-२४१ मध्ये बदलत राहतं, साधारण १४ वर्षांत निम्मं. इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढताना आधीचं अमेरिशियम कचऱ्याबरोबर निघून जातं, म्हणजे ताजं प्लुटोनियम अमेरिशियमपासून साफ असतं. त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. एका वर्षाने १०० भागांतले साधारण ५ भाग अमेरिशियम झालेले असतात, दोन वर्षांनी ९, तीन वर्षांनी १३. हे उलट वाचलं की कणाचं वय कळतं. ड्रमवरची मॅन्युफॅक्चरिंग डेट खोडता येते, कणाच्या आतली ही तारीख कुणाला खोडता येत नाही.

कोरियाचं म्हणणं खरं असतं तर ग्लोव्ह बॉक्समधल्या सगळ्या कणांचं वय एकच निघायला हवं होतं, मार्च १९९० पासून मोजलेलं, म्हणजे दोन वर्षांच्या थोडं वर. पण पुसलेल्या कपड्यांवर वेगवेगळ्या वयांचे कण सापडले. त्यांचे तीन गट पडले: १९८९, १९९० आणि १९९१. काम एकदा नाही, निदान तीन वेळा झालं होतं.

दुसरी विसंगती तर मला त्याहून सुंदर वाटते. इंधन भट्टीत जितका जास्त काळ राहतं, तितकं त्यातल्या प्लुटोनियमच्या समस्थानिकांचं प्रमाण बदलत जातं. म्हणून एकाच इंधनातून निघालेलं प्लुटोनियम आणि त्या कामातला कचरा यांचं प्रमाण जुळलंच पाहिजे, जसे एकाच थानातून फाडलेले दोन तुकडे कडेला कडा लावली की जुळतात. कोरियाने दाखवलेला माल आणि दाखवलेला कचरा जुळत नव्हते. म्हणजे कुठेतरी असा माल होता ज्याचा कचरा दाखवला नव्हता, आणि असा कचरा होता ज्याचा माल दाखवला नव्हता. त्यांना इन्स्पेक्टर येणार हे आधीपासून माहीत होतं, तयारीला वेळ होता, दाखवायचं तेच दाखवलं होतं. तरी हे झालं. लपवणारा माल लपवतो. माल बनवताना मागे काय उरतं त्याचा त्याला पुरता अंदाज नसतो.

आता लक्ष द्या, कारण इथून पुढे तपासणीची मर्यादा सुरू होते. कण वय सांगतो, वजन सांगत नाही. तीन वेळा काम झालं हे सिद्ध झालं, पण एकूण किती प्लुटोनियम निघालं हे त्यावरून कळेना. ९० ऐवजी ३०० ग्रॅम होतं की काही किलो? १९८९ मध्ये ती भट्टी सुमारे ७० दिवस बंद होती. तेवढ्या काळात बऱ्याच कांड्या बदलता येतात, आणि तसं झालं असेल तर हिशेब एक-दोन बॉम्बपर्यंत जातो.

वजन कळायचे दोन मार्ग होते. पहिला, उरलेला सगळा कचरा मोजायचा. अमेरिकेच्या उपग्रहांच्या छायाचित्रांत योंगब्योनला अशा दोन जागा दिसत होत्या ज्या जाहीर नव्हत्या. एक जुना कचऱ्याचा खड्डा, जो मातीने बुजवून वर झाडं लावलेली होती. दुसरी एक इमारत, जी बांधताना दोन मजल्यांची दिसत होती, मग खालचा मजला भराव टाकून गाडून टाकलेला होता. इन्स्पेक्टर १९९२ मध्ये त्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जाऊनही आले होते. त्यांना सांगितलं गेलं की ही लष्कराची जागा आहे आणि खाली तळघर वगैरे काही नाही. फेब्रुवारी १९९३ मध्ये संस्थेने या दोन जागांची 'विशेष तपासणी' मागितली आणि तिच्या संचालक मंडळापुढे ती उपग्रहाची छायाचित्रं मांडली. १२ मार्चला कोरियाने जाहीर केलं की आम्ही करारातूनच बाहेर पडतो. जूनमध्ये ते बाहेर पडणं त्याने थांबवून ठेवलं, पण त्या दोन जागांचं दार काही उघडलं नाही.

दुसरा मार्ग भट्टीतच होता. आतल्या सुमारे ८,००० इंधनकांड्या पहिल्यापासूनच्या होत्या की मध्ये बदललेल्या, हे कोणती कांडी कुठल्या जागेवरून निघाली त्याची नोंद ठेवून, त्यातल्या काही निवडून तपासल्या असत्या तर कळलं असतं. भट्टीच्या मधल्या कांडीचा आणि कडेच्या कांडीचा इतिहास वेगळा असतो, म्हणून जागा माहीत असणं महत्त्वाचं. मे १९९४ मध्ये कोरियाने कांड्या काढायला सुरुवात केली, भराभर, आणि इन्स्पेक्टरांना हव्या तशा वेगळ्या ठेवू न देता. काही आठवड्यांत सगळ्या सरमिसळ होऊन पाण्याच्या टाकीत पडल्या. पुरावा नष्ट करायला त्या जाळाव्या लागल्या नाहीत, नुसता क्रम मोडला आणि काम झालं. माझ्या त्या ११ टनांची आठवण मला इथे दर वेळी होते. ऑपरेटरने लॉगबुकात तारखा लिहिल्या नसत्या आणि ड्रम आलटून पालटून ठेवले असते, तर मालाचा एक किलोही न हलवता आमचं उत्तर कायमचं हरवलं असतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिका आणि कोरियात समझोता झाला. भट्टी बंद राहिली, कांड्या देखरेखीखाली डब्यांत सील झाल्या, आणि आठ वर्षं तिथून नवीन प्लुटोनियम निघालं नाही. २००२ च्या अखेरीला तो मोडला, इन्स्पेक्टरांना हाकललं, जानेवारी २००३ मध्ये कोरिया करारातून बाहेर पडला आणि ९ ऑक्टोबर २००६ ला त्याने पहिली अणुचाचणी केली.

मग तपासणी हरली का? तुमच्या प्रश्नाचा खरा रोख हाच आहे. माझं मत असं की इथे दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करतात. खोटं पकडणं हे एक काम, आणि पकडल्यावर पुढे काय करायचं हे दुसरं. पहिलं काम सुती कपड्याच्या तुकड्यांनी काही महिन्यांत चोख केलं. दुसरं काम इन्स्पेक्टरच्या हातातच नाही, ते देशांच्या सरकारांचं आहे, आणि ते लोंबकळत राहिलं. डॉक्टरने एक्स-रे नीट काढला आणि घरच्यांनी ऑपरेशनला नकार दिला, तर एक्स-रे खोटा ठरत नाही.

शिवाय इराक आणि योंगब्योन या दोन्हींमुळे नियम बदलले. १९९७ मध्ये 'अतिरिक्त प्रोटोकॉल' आला. ज्या देशाने तो स्वीकारला, तिथे इन्स्पेक्टर जाहीर न केलेल्या जागांबद्दलही विचारू शकतात, आवारातली कुठलीही इमारत थोड्या वेळाच्या सूचनेवर बघू शकतात आणि पुसून नमुने घेऊ शकतात. स्वीकारायचा की नाही हे मात्र प्रत्येक देशाच्या मर्जीवर आहे.

रसायनांच्या बाबतीत हीच कथा सीरियात पुन्हा घडली, फक्त क्रम उलटा. ऑगस्ट २०१३ मध्ये दमास्कसजवळ घौटात सॅरिन या मज्जासंस्था निकामी करणाऱ्या विषाचा, म्हणजे नर्व्ह एजंटचा, हल्ला झाला, पुढच्या महिन्यात सीरिया करारात आला आणि त्याने सुमारे १,३०० टन रसायनं जाहीर केली. ती लताकिया बंदरातून जहाजांवर चढवून देशाबाहेर नेली. सगळ्यात घातक भाग अमेरिकेच्या 'केप रे' जहाजावर भर समुद्रात नष्ट केला, कारण कुठलाही देश तो आपल्या जमिनीवर घ्यायला तयार नव्हता. १,३०० टन विष युद्ध चालू असताना बाहेर काढलं, हे साधं काम नव्हतं. पण आकडे जुळत नव्हते. सीरियाने जिथे असं काम झाल्याचं सांगितलंच नव्हतं, तिथल्या नमुन्यांत नर्व्ह एजंटचे अंश सापडत राहिले, आणि सीरियाला आपलं डिक्लरेशन पुन्हा पुन्हा सुधारावं लागलं.

मग ४ एप्रिल २०१७ ला खान शेखूनला पुन्हा सॅरिन पडलं. सीरियाचं म्हणणं होतं की आमच्याकडे काही उरलेलंच नाही. इथे जाहीर केलेलाच माल साक्षीला आला. सीरियाच्या साठ्यातल्या मूळ रसायनाचे नमुने नष्ट करण्यापूर्वी घेऊन ठेवलेले होते. प्रत्येक प्लांटच्या मालात त्याच्या स्वतःच्या अशुद्धी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही रोज एचपीएलसीवर बघता, माल कुठल्या व्हेंडरचा आहे हे तुम्ही लेबल न बघता सांगू शकता. खान शेखूनच्या मातीतल्या अशुद्धी सीरियाच्या साठ्यातल्या अशुद्धींशी जुळल्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रं आणि ओपीसीडब्ल्यू यांच्या संयुक्त चौकशीने सीरियाच्या सरकारला जबाबदार धरलं. महिन्याभरात रशियाच्या नकाराधिकाराने त्या चौकशी यंत्रणेची मुदतच संपली. ओपीसीडब्ल्यूच्या सदस्यांनी मग २०१८ मध्ये मतदान करून जबाबदार कोण हे ठरवायचा अधिकार स्वतःच्या संस्थेलाच दिला, आणि एप्रिल २०२१ मध्ये सीरियाचे सदस्य म्हणूनचे काही अधिकार, त्यात मतदानाचाही, काढून घेतले. एवढी कठोर पायरी संस्थेने प्रथमच उचलली होती.

ज्या गोष्टींनी मला खरंच काळजी वाटते त्याही सांगतो. सीरियात क्लोरीनही वापरलं गेलं. क्लोरीन कुठल्याच यादीत नाही, आणि ठेवताही येणार नाही. ठाणे आणि नवी मुंबईचं पिण्याचं पाणी त्यानेच शुद्ध होतं, आपल्या पट्ट्यात त्याची टनर, म्हणजे मोठी सिलिंडरं, दर दुसऱ्या कंपनीत दिसतील. ते शस्त्र म्हणून वापरणं करारात गुन्हाच आहे, पण त्याचा मटेरियल बॅलन्स कुणी मांडू शकत नाही. दुसरी काळजी चौथ्या गटाची. त्यातलं उत्पादन देश नेमक्या टनांत देत नाहीत, २०० ते १,००० टन, १,००० ते १०,००० टन असे पट्टे देतात. एवढ्या रुंद पट्ट्यात काही टन सहज मावतात. म्हणून तिथे प्लांटमध्ये जाऊन भांडी बघण्याला पर्याय नाही. आणि तिसरी, करारात एक सगळ्यात धारदार कलम आहे, ज्यात एखादा देश दुसऱ्या देशात कुठेही 'चॅलेंज' तपासणी मागू शकतो आणि टीम उतरायच्या फक्त १२ तास आधी कळवावं लागतं. ते कलम आजवर एकदाही वापरलेलं नाही. मला वाटतं ते एकदा तरी, अगदी मित्रदेशांनी आपसात का होईना, वापरून बघायला हवं होतं. न वापरलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हवर कुठला प्लांटवाला विसंबतो?

अडवलं कुणाला, हे विचारलंत म्हणून एक उदाहरण आपलंच. १९९७ मध्ये भारताने स्वतःहून १,०४४ टन मस्टर्ड हे रासायनिक शस्त्र जाहीर केलं, आणि २००९ पर्यंत इन्स्पेक्टरांच्या डोळ्यांसमोर ते सगळं नष्ट केलं. आपल्याला कुणी पकडलं नव्हतं. पण शेजारीही त्याच करारात आहे आणि त्याच्याकडेही हीच माणसं हीच वही घेऊन जातात, हे माहीत असल्याशिवाय कुठलं सरकार असं करतं?

आता तुमचे पाच दिवस. मॅनेजमेंट तुम्हाला रंगरंगोटी करायला लावेल, ती तुमच्या हातात नाही. पण स्क्रबर, ड्रेन आणि सॅम्पलिंग पॉइंट कुणाला नव्याने धुवू देऊ नका. नेहमीच्या वापराने मळलेला पॉइंट कुणाच्या डोळ्यांत येत नाही, आणि तपासणीच्या आदल्या दिवशी चकचकीत केलेल्या पॉइंटबद्दल हमखास विचारतात. नेहमीचं क्लीनिंग शेड्यूल असेल तर ते चालू द्या आणि त्याचा कागद हाताशी ठेवा. तुमचे क्यूसीचे फेल रिपोर्ट काढा, प्रत्येक फेल बॅचचं पुढे काय झालं, रीवर्क की डिस्पोजल, ते तिच्यासमोर लिहा, आणि रीवर्कचा माल उत्पादनात दोनदा धरला गेलाय का ते डिक्लरेशनमधल्या आकड्याशी ताडून बघा. डिस्पॅच अधिक वर्षअखेरचा साठा वजा वर्षाच्या सुरुवातीचा साठा, एवढी एक ओळ आज रात्रीच कागदावर मांडा आणि उत्तर उत्पादनाच्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला तर घाबरून आकडा फिरवू नका, नॅशनल अथॉरिटीला आधीच दुरुस्ती कळवा. आणि त्या दिवशी शिफ्टच्या जुन्या ऑपरेटरला सुट्टी देऊ नका. आमची संध्याकाळ त्याच्या निळ्या शाईनेच वाचवली होती.